पेज घट्ट हवी: एका प्रतिक्रियेला उत्तर

"अंगणवाडीतल्या ताईंच्या नागलीच्या पेजेचं तुम्ही फार कौतुक केलंत. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. दिवसातून दोनदा वाटीभर पेज पिते, तरी वजन जागचं हलत नाही. गरिबांच्या मुलांनी पेज प्यायची आणि श्रीमंतांच्या मुलांनी डब्याची पावडर, असंच ना?"

तुमचा राग मला समजतो. सातपूरच्या अंगणवाडीच्या ज्या बैठकीबद्दल मी लिहिलं होतं, तिथे असाच प्रश्न एका आईने विचारला, तेव्हा सेविकाताईंनी आधी विचारलं, "वाटीत पीठ किती घालतेस?" तुम्हालाही माझा पहिला प्रश्न तोच.

वाटीभर पाण्यात चमचाभर, म्हणजे साधारण 10 ग्रॅम पीठ घातलं, तर त्या पेजेत जेमतेम 30 उष्मांक असतात. अंगावरचं दूध चालू असलं तरी या वयाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 550 उष्मांक लागतात. पोट मात्र एवढंसंच असतं, पाण्यानेही भरतं आणि मूल तोंड फिरवतं. वरणावरचं पाणी भरवतात तिथेही हेच होतं. डाळ भांड्याच्या तळाशीच राहते.

आता तीच वाटी ताईंच्या पद्धतीने करा. पीठ तीन चमचे, शिजल्यावर एक छोटा चमचा तेल किंवा तूप आणि मोठा चमचाभर शेंगदाण्याचं बारीक कूट. उष्मांक 200च्या आसपास जातात. चव म्हणून किसलेला गूळ चिमूटभर पुरे. (अख्खा दाणा मात्र देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो.)

अडचण अशी की तीन चमच्यांची पेज गोळ्यासारखी घट्ट होते आणि मूल गिळत नाही. मग आपण पाणी ओततो आणि सगळं मुसळ केरात! बैठकीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग इथेच होता. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडक वाळवून दळायची. मोड येताना धान्यात पिष्टमय भाग तोडणारा पाचक रस तयार होतो. घट्ट पेज खाली उतरवून थोडी निवू द्या, त्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळा. पाणी न घालता ती थोड्या वेळात सैल होते. मग पुन्हा एक चांगली उकळी आणा, कारण ते पीठ कच्चं असतं. पेज उकळत असतानाच हे पीठ टाकलं किंवा ते आधी खरपूस भाजलं, तर तो रस मरतो आणि पेज घट्टच राहते.

पेज चमच्यावर ठरली पाहिजे, पाण्यासारखी ओघळता कामा नये. डब्याच्या पावडरीला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे, की पातळ पेजेची उणीव चमचाभर पावडरीने भरून निघत नाही, पैसे मात्र जातात.

महिनाभर असं भरवूनही काटा हलला नाही, किंवा मध्येच ताप, खोकला, जुलाब होत राहिले, तर पेजेवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत दंडाचा घेरही मोजून घ्या. तो 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.