डिस्काउंट नंतर मागा, आधी बिल वाचा

सांगली-मिरजेत डिस्चार्जच्या दिवशी एक ठरलेला कार्यक्रम असतो. बिल हातात आलं की घरातला कुणीतरी ओळखीच्या पुढाऱ्याला नाहीतर डॉक्टरांच्या मित्राला फोन लावतो, 'जरा बघा की कमी करून.' पाच टक्के कमी होतात आणि सगळे खूश. पण बेरीजच चुकलेली असेल तर त्या पाच टक्क्यांना काय अर्थ?

एक नमुना बिल धरू. हर्नियाचं दुर्बिणीतून ऑपरेशन, पॅकेज 45,000. त्यात शेअरिंग रूमचे 3 दिवस, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, सर्जन, भूल आणि सर्जनच्या व्हिजिट. औषधं आणि हर्नियाच्या जागी आत बसवायची जाळी वेगळी. पेशंट सोमवारी रात्री 9 ला दाखल, गुरुवारी दुपारी 1 ला सुट्टी. बिलात पॅकेज 45,000, रूम 4 दिवसांचे 8,000, नर्सिंग 1,200, सर्जनच्या व्हिजिट 3,000, मेडिकल 21,400, जाळी 9,000. एकूण 87,600. ॲडव्हान्स 20,000 वजा, भरायचे 67,600.

आधी दिवस मोजा. सोमवार ते गुरुवार तारखा चार भरतात, पण तास भरतात 64, म्हणजे 24 तासांच्या हिशेबाने तिसरा दिवससुद्धा पुरा होत नाही. काही हॉस्पिटलं तारखेने मोजतात, काही 24 तासांनी, काहींचा दिवस दुपारी 12 ला बदलतो. कुठलीही पद्धत असू दे, ती ॲडमिशनच्या वेळीच विचारून घ्यायची. बिल आल्यावर विचारलं तर सोयीचं उत्तर मिळतं. इथे 24 तासांचा नियम धरू. मग सगळा मुक्काम पॅकेजच्या 3 दिवसांतच बसतो आणि रूमचे 8,000, नर्सिंगचे 1,200 दोन्ही जातात. तारखेने मोजलं तरी जास्तीचा फक्त एक दिवस लागला असता, चार नव्हे. बहुतेक वेळा यात लबाडी नसते. वॉर्डातून रूमची नोंद रोज आपोआप चढते आणि पॅकेज लावताना ती काढायची राहते. सर्जनच्या व्हिजिटही पॅकेजमध्येच, म्हणून त्यांचे 3,000 पण जातात. मात्र फिजिशियन किंवा दुसरा तज्ज्ञ बोलावला असेल तर त्याची फी सहसा पॅकेजबाहेर असते. त्यावर भांडू नका.

आयसीयू असेल तर वॉर्डात हलवलेल्या दिवसाकडे बघा. त्या एकाच तारखेला आयसीयूचं आणि वॉर्डाचं, दोन्ही भाडी लागलेली सापडतात.

सगळ्यात जास्त वेळ मेडिकलला द्या. मेडिकलची नुसती एकूण रक्कम घेऊ नका, तारीखवार सगळ्या पावत्या मागा. थिएटरसाठी एकदम भरपूर सामान उचललं जातं: सलाईन सेट, ग्लोव्हज, टाके घालायचे धागे, इंजेक्शनं. उरलेलं वॉर्डातून परत जातं, पण रिटर्नची पावती तुमच्या खात्याला लागली तरच पैसे वजा होतात. आपल्या बिलात 1,850 चं रिटर्न वॉर्डाच्या वहीत आहे, मेडिकलच्या हिशेबात नाही. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरना विचारा, 'रिटर्न टाकलं का?' फोडलेली बाटली किंवा फ्रीजमधलं इंजेक्शन परत घेत नाहीत, तो आग्रह धरू नका. याच पावत्या चाळताना जाळीची 9,000 ची पावती दिसते. म्हणजे जाळी 21,400 मध्येही आहे आणि खाली वेगळीही लावली आहे. डिस्चार्जच्या कागदांवर जाळीचा स्टिकर असतो. स्टिकर एक, तर रक्कमही एकदाच.

ॲडव्हान्सची चूक सोपी, पण खिशाला मोठी. काउंटरवर भरलेले 20,000 दिसतात. ॲडमिशनच्या रात्री मेडिकलला डिपॉझिट म्हणून दिलेले 10,000 मेडिकलच्या खात्यात पडून राहतात, मुख्य बिलात येत नाहीत. प्रत्येक पावतीवर पेशंटचा आयपीडी नंबर आहे का ते तिथल्या तिथे बघा आणि फोटो काढून ठेवा. काही ठिकाणी फायनल बिल करताना मूळ पावत्या जमा करून घेतात.

आता हिशेब पुन्हा मांडा. 45,000 अधिक मेडिकल 19,550, एकूण 64,550. ॲडव्हान्स 30,000 वजा, भरायचे 34,550. फरक 33,050. फोन लावून मिळालेले पाच टक्के असते 4,380.

हे सगळं कच्च्या बिलावर करायचं, पक्कं होण्याआधी. पक्कं झालं की 'सिस्टीममध्ये बदलत नाही' हे ऐकावं लागतं. तपशीलवार बिल मिळणं आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असणं या गोष्टी महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी सुधारणा नियम 2021 मध्येच आहेत, त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही. बिलिंगच्या पोरावर ओरडू नका; त्याला नोंद खोडायचा अधिकार बहुतेक नसतोच. चुकीच्या ओळींवर पेनाने खूण करा, शेजारी पावतीचा नंबर लिहा आणि कागद घेऊन मॅनेजरकडे जा.