‘आय वंडर व्हेअर इज ही’ आणि गुगलचा ढीग

“‘व्हेअर’ आलं की ‘इज’ आधी आणि ‘ही’ नंतर. म्हणून ‘आय वंडर व्हेअर इज ही’ हेच बरोबर. पटत नसेल तर गुगल करा, ढिगाने सापडेल. आणि अर्थ कळला म्हणजे झालं!” असं कुणी म्हणालं, तर ते पटण्यासारखं नाही.

‘इज’ला पुढे आणतो तो थेट प्रश्न, ‘व्हेअर’ नव्हे. ‘व्हेअर इज ही?’ हा थेट प्रश्न. पण ‘आय वंडर’ म्हटलं की मुख्य वाक्य ते झालं, आणि ते विधान आहे. प्रश्न त्याच्या पोटात गेला, आणि पोटातल्या वाक्यात कर्ता आधी येतो: ‘आय वंडर व्हेअर ही इज’. शेवटी पूर्णविराम. ‘डू यू नो व्हेअर ही इज?’ला प्रश्नचिन्ह लागतं, कारण तिथे मुख्य वाक्यच प्रश्न आहे. आतला क्रम मात्र तोच.

आपली गफलत होते ती मराठीमुळे, असं मला वाटतं. ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे कुणास ठाऊक’ यांत आपण काहीच हलवत नाही. तीच सवय इंग्रजीत जाते आणि थेट प्रश्न आहे तसा चिकटवला जातो.

शंका आली तर ‘इज’ बाजूला ठेवून दुसरं क्रियापद घ्या. ‘व्हेअर डिड शी गो?’ हा प्रश्न पोटात घेतला की ‘डिड’ गळतं आणि त्याचा भूतकाळ ‘गो’वर येतो: ‘आय वंडर व्हेअर शी वेंट’. ‘इज’च्या वाक्यात असं गळायला काही नसतं, म्हणूनच ती चूक कानाला खटकत नाही. ‘आय वंडर हू इज ॲट द डोअर’ मात्र बरोबर आहे, कारण तिथे ‘हू’ स्वतःच कर्ता आहे.

आता तो ढीग. अवतरणचिन्हांत शोधलं तरी गुगल विरामचिन्हं सहसा धरत नाही. त्यामुळे ‘आय वंडर, व्हेअर इज ही?’ असं स्वल्पविराम देऊन स्वतःलाच विचारलेला थेट प्रश्नही त्यात येतो. शिवाय ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ असं विचारणाऱ्यांची पानंही त्यातच. त्यापेक्षा छापील पुस्तकांवर चालणाऱ्या Google Books Ngram Viewer मध्ये दोन्ही रूपं शेजारी टाका:

```
wonder where he is,wonder where is he
```

इथला स्वल्पविराम फक्त दोन शोध वेगळे करतो. वापर दाखवणाऱ्या आलेखात पहिल्या रूपाची रेघ कितीतरी वर दिसेल. चाळीसपेक्षा कमी पुस्तकांत आलेली रचना इथे धरलीच जात नाही, म्हणून एखादं रूप सापडलं नाही तर ते छापात दुर्मीळ आहे एवढंच समजा. सोबत शिकाऊंसाठीच्या एखाद्या शब्दकोशात ‘वंडर’खालची उदाहरणं वाचा.

अर्थ कळतो, हे मान्य. आयर्लंडच्या बोलीत ‘आय वंडर इज ही इन’ सर्रास ऐकू येतं, आणि भारतीय इंग्रजीतही उलटा क्रम बोलला जातो. पण परीक्षेच्या पेपरात किंवा अर्जात तो चूकच धरला जातो.