गुप्त की लवकर फुटावी म्हणून काही खात्रीचे उपाय

तुम्ही स्वतःची की-एक्स्चेंज लिहायला घेतली आहे, हे ऐकून आनंद झाला. तयार लायब्ररी वापरणं हे कमकुवत मनाच्या लोकांचं काम. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली रीत तशी सोपीच आहे. एक मूळ संख्या p आणि एक पाया g घ्या, दोन्ही उघड सांगा. तुम्ही मनात एक गुप्त घात धरा, पलीकडच्यानेही धरावा. g चा तेवढा घात करून p ने भागा आणि बाकी एकमेकांना पाठवा. आलेल्या संख्येचा पुन्हा आपापला घात करून p ने भागलं की दोघांकडे उरणारी बाकी एकच, तीच की. मधल्या ऐकणाऱ्याने बाकीवरून घात शोधायचा, आणि म्हणे ते अवघड असतं. ते सोपं कसं करून द्यायचं, एवढंच आपण पाहू.

पहिलं काम p निवडण्याचं. इथे फक्त लांबी पाहा. दोन हजार अठ्ठेचाळीस बिट आहेत ना? झालं तर मग. p-1 चे अवयव पाडून बघण्याच्या फंदात पडू नका. p मूळ आहे, तर p-1 कशाला विचारायचं! उलट p-1 चे सगळे अवयव छोटे-छोटे निघाले, तर ऐकणाऱ्याचे आशीर्वादच मिळतील.

कसे, ते लहान आकड्यांवर पाहू. p = ३१ आणि g = ३ घ्या. ३ चे घात करत गेलात की १ ते ३० या सगळ्या बाक्या एकेकदा येतात आणि तिसाव्या घाताला १ येतो. म्हणजे ३ ची ऑर्डर पूर्ण ३० आहे. तुमचा गुप्त घात १७, म्हणून तुम्ही पाठवलीत २२. आता ऐकणाऱ्याने तीस घात तपासत बसावं, अशी आपली भाबडी अपेक्षा. पण तो बसत नाही, कारण ३० म्हणजे २ × ३ × ५ हे त्याला शाळेतच शिकवलेलं असतं. तो २२ चा १५ वा घात करतो, ३० येते. १ आली नाही, म्हणजे तुमचा घात विषम. मग २२ चा १० वा घात, येतात ५. तिथे १, २५ आणि ५ या तीनच शक्यता, आणि ५ म्हणजे ३ चा २० वा घात. म्हणून तुमच्या घाताला ३ ने भागल्यास बाकी २. शेवटी ६ वा घात, येतात ८, म्हणजे ३ चा १२ वा घात. म्हणून ५ ने भागल्यास बाकी २. विषम, तीनने भागल्यास बाकी दोन, पाचने भागल्यास बाकी दोन, आणि तिसाच्या आत: १७. दुसरी संख्या बसतच नाही.

ही युक्ती स्टीफन पोलिग आणि खुद्द हेलमन यांनीच १९७८ मध्ये छापली. म्हणजे कुलूप करणाऱ्यानेच दोन वर्षांत सांगून टाकलं की कोणतं कुलूप घेऊ नये. तुमच्या २०४८ बिटांच्या p मध्येही p-1 चे सगळे अवयव दहा लाखांच्या आतले असतील, तर प्रत्येक अवयवामागे हजार-दोन हजार गुणाकार लागतात. असे अवयव शंभरेक. घात करण्याची मेहनत धरूनही काही लाख गुणाकारांत काम संपतं, लॅपटॉपचा पंखाही जोरात फिरत नाही. लांबी बाकी पूर्ण २०४८ बिट, तिला धक्का नाही. प्रेझेंटेशनमध्ये तीच लिहा.

आता g. इथे सल्ला एकच: २ घ्या, सगळे घेतात. त्याच ३१ मध्ये २ घेऊन बघा: २, ४, ८, १६ आणि मग ३२, म्हणजे १. संपलं. तुम्ही आणि पलीकडचा कितीही मोठे घात मनात धरा, की या पाचांपैकीच एक निघणार. p उत्तम, रीत उत्तम, ऑर्डर पाच. हेच २ जर २३ मध्ये घेतलं असतं, तर ऑर्डर ११ आली असती, आणि ११ ही मूळ संख्या, म्हणजे पोलिग-हेलमनला तुकडे पाडायला जागाच नाही. p-1 सम असल्यामुळे २ हा अवयव टळत नाही; पण उरलेला अर्धा भाग अखंड मूळ संख्या निघावा, असा p मुद्दाम शोधता येतो. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून टाळावं.

काही पाठ्यपुस्तकी सज्जन म्हणतील, २३ मध्ये ५ घ्या, त्याची ऑर्डर पूर्ण २२ आहे. घ्या की! मोठं ते चांगलं. मग तुमच्या पाठवलेल्या संख्येचा ११ वा घात १ आला की घात सम, २२ आला की विषम, हे कोणीही सांगेल. गुप्त घाताचा एक बिट फुकट वाटल्याचं पुण्य लागेल. यावरची साधी गोष्ट इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २००३ च्या RFC 3526 या मानकातच केली होती: २०४८ बिटांचा p असा निवडला की २ ची ऑर्डर p-1 नव्हे, तर तिचा मूळ असलेला अर्धा भाग येते. म्हणजे तिथला २ हा आळसाचा नाही, हिशेबाचा आहे. तुम्ही फक्त २ उचला, हिशेब तिथेच राहू द्या.

(p छोटा असेल तर ऑर्डर कितीही देखणी असली तरी भागत नाही, ही अडचण आहेच. २०१९ मध्ये ७९५ बिटांच्या मूळ संख्येवरचा घात चाळणीच्या पद्धतीने शोधून झाला. म्हणून ५१२ बिट अजून चालतात, असं ठासून सांगा.)

p मूळ आहे का, हेही तपासू नका. नेटवर्कवरच्या जोडण्या जुळवणाऱ्या `socat` या नामांकित साधनात कोडमध्येच लिहून ठेवलेला १०२४ बिटांचा p मूळ नव्हताच, हे फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झालं. तोवर जोडण्या बिनबोभाट होत होत्या. कारण p मूळ नसला तरी दोन्हीकडे की तीच येते. गणित तक्रार करत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण.

राहिला पाहुणचार. पलीकडून आलेली संख्या उघडून पाहणं असभ्यपणाचं. ती २ पासून p-2 पर्यंत आहे का, तिचा ठरलेल्या ऑर्डरइतका घात केल्यावर १ येतो का, असले प्रश्न पाहुण्याला विचारू नयेत. आणि गुप्त घात एकदा ठरवला की सर्व्हर बंद पडेपर्यंत तोच वापरा. मग ३१ मधल्या आपल्या सर्व्हरकडे कोणी g चा घात न पाठवता नुसता २ पाठवेल. उत्तरातली की पाचांपैकीच एक असणार. कोणत्या कीने तुमचा संदेश उलगडतो ते तो करून पाहील आणि घाताची पाचची बाकी घेऊन जाईल. पुढच्या वेळी ५ पाठवेल, त्याची ऑर्डर ३. नंतर ३०, ऑर्डर २. तुमची बाकी एकदाही ऐकली नाही, तरी १७ त्याच्या वहीत.

एवढं सगळं जमलं की युनिट टेस्ट लिहा. दोन्हीकडची की सारखी आली तर पास, इतकीच अट ठेवा. मधल्या माणसाने दोघांच्या संख्या काढून त्यांच्या जागी १ ठेवला, तरी टेस्ट हिरवीच राहील: १ चा कोणताही घात १, दोघांची की १, आणि ती तिघांनाही माहीत.