मुदत संपली, पण कामावरून काढलं की नाही?

चाकणच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या मुलाला एचआरने फोनवर सांगितलं, "कॉन्ट्रॅक्ट संपलंय, उद्यापासून येऊ नको." नोटीस नाही, भरपाई नाही. अकरा-अकरा महिन्यांची कॉन्ट्रॅक्टं आणि मध्ये थोडा ब्रेक, असं करत त्याची चार वर्षं आठ महिने झाली होती.

एचआरचं म्हणणं तसं हवेतलं नाही. 1976 मध्ये स्टेट बँक विरुद्ध सुंदरा मनी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की, नऊ दिवसांची नेमणूक आपोआप संपली तरी ती कामगार कपातच. मग 1984 मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुदत संपून कॉन्ट्रॅक्टचं नूतनीकरण न होणं कपातीतून वगळलं गेलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही सूट आहे. म्हणजे मुदत खरोखर संपली, तर कपातीची नोटीस नाही आणि भरपाईही नाही. हिशेब करायचा तो राहिलेला पगार, रजा आणि पात्र असेल तर ग्रॅच्युइटीचा.

पण या मुलाचं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट 31 डिसेंबरला संपलं आणि तो 20 फेब्रुवारीपर्यंत त्याच मशीनवर होता. पंचिंग चालू, जानेवारीचा पगार खात्यात, नवा कागद मात्र नाही. आता 20 फेब्रुवारीला नेमकी कुठली मुदत संपली, हे मालकाने दाखवावं! माझ्या मते ही सरळ कपात आहे.

कपात ठरली, तर तीनशेहून कमी कामगारांच्या कारखान्यात एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. वर एक वर्ष सलग सेवा लागते, पण 12 महिन्यांत 240 दिवस भरले की ती सलग धरतात. म्हणून महिनाभराचा ब्रेक वाटतो तेवढा कामाचा नाही. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष मोजतात, म्हणजे याची पाच वर्षं. पगार 24,000, पंधरा दिवसांचे 12,000, म्हणजे भरपाई 60,000 आणि नोटिशीचे 24,000. एकूण 84,000. हे पैसे काढण्याआधी किंवा काढतानाच द्यायचे असतात. नंतर दिले तर काढणंच बेकायदेशीर ठरू शकतं.

240 दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर असते, आणि बहुतेक जण इथेच हरतात. मस्टर मालकाच्या कपाटात. त्यामुळे पीएफ पासबुक, बँकेच्या नोंदी आणि सुपरवायझरचे शिफ्टचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. विशेषतः मुदत संपल्या तारखेनंतरचे. आणि "सर्व हिशेब मिळाला" या कागदावर सही करण्याआधी त्यावरची तारीख वाचा. या मुलापुढे ठेवलेल्या कागदावर 31 डिसेंबर लिहिलं होतं.