स्टिकरच्या कडेला राहणारी ती पांढरी झालर

गणपती जवळ आले की प्रत्येक ग्रुपवर ‘गणपती बाप्पा मोरया’चे स्टिकर येऊ लागतात. निम्म्यांच्या अक्षरांना दातेरी पांढरी कड असते आणि ‘प’, ‘म’च्या पोटात पांढरे ठिपके अडकलेले असतात. कुणीतरी तासभर बसून, प्रेमाने काढलेली अक्षरं असतात ती. ती अशी कुरतडलेली पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या मंडळाच्या बॅनरवरचं सुलेखन मला स्टिकरसाठी मिळालं. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं, खाली मंडळाच्या नावाची पट्टी. पट्टी काढून टाकल्यावर उरलेली ओळ १८५६ पिक्सेल रुंद आणि ४०० उंच होती. व्हॉट्सअ‍ॅपला स्टिकर बरोबर ५१२ बाय ५१२ चा लागतो. चारही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडावेत आणि आकृतीभोवती ८ पिक्सेलची पांढरी रेघ असावी, असं ते सुचवतात. म्हणजे दोन्हीकडची मोकळी जागा मिळून ३२ गेले, रेघेचे १६ गेले. अक्षरांसाठी उरले ४६४.

आता एका ओळीतली १८५६ ची रुंदी ४६४ वर आणली, तर उंची राहते १००. त्यातही वरची मात्रा आणि वेलांटी धरलेली. चॅटमध्ये स्टिकर आणखी लहान दिसतो, तिथे हे कोण वाचणार? म्हणून ‘गणपती’ वर आणि ‘बाप्पा मोरया’ खाली असं मांडलं. खालची ओळ ११६० रुंद झाली, दोन्ही मिळून उंची ७६०. ती ४६४ बाय ३०४ मध्ये बसली आणि अक्षरं आधीच्या दीडपटीहून मोठी झाली. तीन ओळीही करून पाहिल्या, पण तेव्हा उंचीच ११६० झाली, त्यामुळे अक्षर तेवढंच राहिलं. एकाखाली एक शब्द रचण्याचा फायदा आकृती चौकोनी होईपर्यंतच मिळतो.

झालर कशामुळे येते? अक्षराची कड काळ्यातून पांढऱ्यात एकदम जात नाही, मध्ये करड्या पिक्सेलची बारीक पायरी असते. चित्रसंपादकातल्या ‘जादूच्या कांडी’ने पांढरं निवडून पुसलं की शुद्ध पांढरं जातं, ते करडे पिक्सेल मागे राहतात. गडद थीमवर तेच झालर होऊन चमकतात. म्हणून मी GIMP या मोफत चित्रसंपादकात Color to Alpha वापरतो. ते करड्यातला पांढरा अंश काढून त्या पिक्सेलला अर्धपारदर्शक काळा करतं, कड मऊ राहते, पोटातलं पांढरंही आपोआप जातं. मात्र हे पांढऱ्यावरच्या गडद, एकरंगी अक्षरांसाठीच. फिका पिवळा किंवा फिका केशरी असेल, तर तो रंगच विरतो. तसा लोगो कडेने हातानेच कापावा.

मग आधी आकार ४६४ वर आणायचा आणि नंतरच रेघ काढायची. मोठ्या चित्रावर ८ पिक्सेलची रेघ काढून ते लहान केलं असतं, तर ती ३ पिक्सेलची राहिली असती. रेघ कडेला कापली जाऊ नये म्हणून Canvas Size चारही बाजूंनी ८ पिक्सेल वाढवायचा, मग Alpha to Selection, Grow ८, आणि खालच्या नव्या लेयरवर पांढरा भरायचा. ही रेघ हवीच, नाहीतर काळी अक्षरं गडद थीममध्ये दिसतच नाहीत. पण रेघ आतूनही वाढते. ‘प’चं पोट २० पिक्सेलचं असेल तर त्यात ४ पिक्सेलचं भोक उरतं, आणि ते घाणीच्या डागासारखं दिसतं. त्यामुळे Grow नंतर Remove Holes करून भोकं बुजवतो. कुणाला आरपार पोटं आवडतात, पण या आकारात मला ते पटत नाही.

शेवटी चौकट ५१२ ची करायची. संगणकावर ImageMagick हे कमांडवर चालणारं साधन असेल तर एका ओळीत होतं:

```
magick bappa.png -trim -background none -gravity center -extent 512x512 bappa.webp
```

यानंतर आकृती मधोमध बसली नाही, तर मूळ चित्रात कोपऱ्यात कुठेतरी कागदावरचा कण राहिलेला असतो. खाली भडक लाल लेयर ठेवून पाहा, असे कण लगेच सापडतात. फाइल १०० केबीच्या आत हवी, पण एवढ्याशा सपाट रंगांना ती मर्यादा आड येत नाही.

एवढं करून लोक ती फाइल स्वतःच्या फोनवर फोटो म्हणून पाठवतात. तिथे तिची जेपीईजी होते, आणि जेपीईजीत पारदर्शकपणाच नसतो. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. पॅक करायचा असेल तर किमान ३ स्टिकर आणि ९६ बाय ९६ चं एक छोटं चित्र लागतं. टेलिग्रामला पूर्ण चौकोन लागत नाही, एक बाजू ५१२ आणि दुसरी ५१२ किंवा त्याहून कमी असली की पुरे.

ज्यांच्याकडे मंडळांच्या सुलेखनाच्या मूळ फाइल असतील, त्यांनी त्या कृपया ग्रुपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. बॅनरच्या फोटोतून अक्षर सोडवताना वेलांटीची टोकं हमखास तुटतात, आणि ती नंतर कुणालाच तशी जोडता येत नाहीत.