विम्याची पावती अशी सांभाळा

विम्याची पावती आली की आधी गल्ल्यावर ठेवून फोटो काढा. रक्कम ठसठशीत दिसली पाहिजे. मुदतीच्या ओळीवर अंगठा आला तर येऊ द्या. बेळगावच्या खडेबाजारात दुकान टाकून बसलेल्या माणसाला एवढ्या बारीक अक्षराचं काय पडलंय? पावतीवर मुदत नसेलच, तर ती पॉलिसीच्या शेड्यूलवर असते. ते शेड्यूल मात्र एजंटाकडेच राहू द्या. त्याच्याकडे सुखरूप असतं.

मार्चअखेरीस टॅलीवाला विचारील, "मालक, मुदत कधीपासून कधीपर्यंत?" तुम्ही म्हणा, "असेल की वर्षाची!"

समजा, दुकानाचा आगीचा विमा 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2025 असा आहे. हप्ता 24,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 4,320, एकूण 28,320 रुपये. सगळेच्या सगळे जानेवारीतच खर्चात टाका. खरं तर दुकान जीएसटीत नोंदलेलं असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल, तर 4,320 इनपुट क्रेडिटला जातात, ते खर्च नव्हेतच. उरलेल्या 24,000 मधले 31 मार्चपर्यंतच्या 90 दिवसांचे 5,918 रुपये या वर्षाचे. बाकीचे 18,082 रुपये पुढच्या 275 दिवसांचे, म्हणजे ताळेबंदात प्रीपेड इन्शुरन्स, आणि एप्रिलपासून ते खर्चात. पण हा हिशेब करायला दोन तारखा लागतात, आणि त्या तर अंगठ्याखाली गेल्या. तेव्हा यंदाचा नफा 22,402 रुपयांनी कमी दिसू द्या. सीएने शेरा मारला तर चहाबरोबर कुंदा मागवा. (दरवर्षी असंच केलंत आणि हप्ता तेवढाच राहिला, तर चूक पुढच्या वर्षापासून बरीचशी लपते. हप्ता वाढला किंवा दुकान बंद केलंत की उघडी पडते.)

घरचा आरोग्य विमासुद्धा दुकानाच्या खात्यातून भरा आणि दुकानाच्याच खर्चात दाखवा. उचल खातं कशाला हवं? रोख भरलात तर आणखी बरं, 80डी ची वजावटच मिळत नाही, कटकट मिटली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. 20 मार्च 2025 ला याच आरोग्य विम्याचे दोन वर्षांचे 36,000 एकदम बँकेतून भरलेत, मुदत 19 मार्च 2027 पर्यंत, तर जुन्या करपद्धतीत सगळे यंदाच मागा. साठीखालच्या माणसाला मर्यादा 25,000 ची, म्हणजे 11,000 गेले. वास्तविक ती मुदत तीन आर्थिक वर्षांना शिवते. पहिल्या वर्षाला फक्त 12 दिवस शिवते, पण शिवते. त्यामुळे दर वर्षी 12,000 अशी सगळी रक्कम बसली असती. पण ते कळायला शेवटची तारीख वाचावी लागते, आणि फोटोत तर तुमचा अंगठा आलाय. नखासकट, अगदी स्पष्ट.