‘जीवेचा वर्ग भागिले आठ त्रिज्या’ : हे सूत्र कुठे चालतं आणि कुठे माल वाया घालवतं

फिरत असलेला मजकूर असा :

“कमानीची उंची काढायला वर्गमूळ-बिर्गमूळ काही लागत नाही. ड्रॉइंगवरची जीवा घ्या, तिचा वर्ग करा आणि आठ गुणिले त्रिज्येने भागा. कुठल्याही कमानीला, अगदी अर्धवर्तुळालाही, तंतोतंत चालतं. त्रिज्या आतली घेतली काय नि बाहेरची घेतली काय, फरक पडत नाही. माप लिहिलेलं नसेल तर कागदावर पट्टी लावून मोजा.”

हा मजकूर माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने त्यावर विसंबून प्लायवुडचा फर्मा कापलाही. म्हणून हे लिहितोय. नाहीतर असल्या मजकुराकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

आधी ‘तंतोतंत’ आणि ‘अर्धवर्तुळालाही’ हे दोन शब्द बघू, कारण खरा घोळ तिथेच आहे. अर्धवर्तुळात जीवा म्हणजेच व्यास, आणि कमानीची उंची म्हणजेच त्रिज्या. हे समजायला गणित लागत नाही, आकृती पुरते. आता त्यांचं सूत्र लावा. त्रिज्या ५०० असेल तर जीवा १०००. वर्ग दहा लाख, भागिले ४०००, उत्तर २५०. उंची ५०० हवी आणि सूत्र देतंय बरोबर निम्मी! हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकाने तरी हे एक उदाहरण कागदावर करून पाहायला काय हरकत होती?

आता भाच्याचं प्रकरण. ड्रॉइंगवर जीवा १२०० मिमी, आतली त्रिज्या ७५० मिमी. योग्य रीत अशी :

उंची = त्रिज्या − √(त्रिज्या² − अर्धी जीवा²)

अर्धी जीवा ६००. ७५० चा वर्ग ५,६२,५००, त्यातून ६०० चा वर्ग ३,६०,००० वजा केला की उरतात २,०२,५००. त्याचं वर्गमूळ ४५०. हे ४५० म्हणजे वर्तुळाच्या केंद्रापासून जीवेपर्यंतचं अंतर. ते ७५० मधून गेलं की उंची ३०० मिमी. मजकुरातल्या सूत्राने मात्र २४० येतात, म्हणजे ६० मिमी कमी.

त्याने ७५० च्या त्रिज्येने कमान आखली, माथ्यापासून २४० खाली आडवी रेघ मारली आणि कापलं. तुकडा १२०० रुंद भरायला हवा होता, तो जेमतेम ११०० भरला. दोन्ही टोकांना पन्नास-पन्नास मिलिमीटर तोकडा. वर त्याची खात्री अशी की ड्रॉइंगच चुकलंय! ड्रॉइंग अगदी बरोबर होतं. दुसऱ्या बाजूने चूक केली असती, म्हणजे १२०० ची जीवा धरून मधे २४० उंची घेतली असती आणि त्या तीन बिंदूंतून कमान काढली असती, तर तिची त्रिज्या ८७० झाली असती. असा फर्मा ७५० च्या चौकटीत दोन्ही टोकांना टेकतो आणि मधे साठ मिलिमीटरची फट राहते.

या सूत्राचा याहून वाईट गुण म्हणजे ते ओरडत नाही. समजा, ड्रॉइंग वाचताना गफलत झाली आणि ७५० त्रिज्येसोबत १६०० जीवा घेतली गेली. अशी कमान असूच शकत नाही, कारण त्या वर्तुळाचा व्यासच १५००. योग्य रीतीत वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कॅल्क्युलेटर एरर दाखवतो आणि तुम्ही थांबता. मजकुरातलं सूत्र मात्र निमूट ४२७ देतं आणि तुम्ही कापायला घेता.

शंका असेल तर लीलावती उघडा. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये शर, म्हणजे हीच उंची, काढायची रीत दिली आहे : व्यास आणि जीवा यांची बेरीज व वजाबाकी यांचा गुणाकार करा, त्याचं वर्गमूळ व्यासातून वजा करा आणि निम्मं करा. त्यांचं उदाहरण व्यास १० आणि जीवा ६ असं आहे. १६ गुणिले ४ म्हणजे ६४, वर्गमूळ ८, दहातून आठ गेले दोन, त्याचं निम्मं १. शर १. वर दिलेल्या रीतीचंच हे दुसरं रूप आहे. आता त्याच आकड्यांना मजकुरातलं सूत्र लावा : ३६ भागिले ४० म्हणजे ०.९. वर्गमूळ आठशे-नऊशे वर्षांपूर्वीही टाळता येत नव्हतं, आजही येत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. सूत्र साफ खोटं नाही, ते उथळ कमानीपुरतं आहे. रेल्वेच्या वळणाची तपासणी याच सूत्राने होते. २० मीटरची जीवा आणि ४०० मीटर त्रिज्या असेल तर उंची १२५ मिमी येते आणि चूक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे नगण्य. चूक किती, तेही नेमकं सांगता येतं : खऱ्या उंचीचा वर्ग भागिले व्यास. आपल्या उदाहरणात ३०० चा वर्ग भागिले १५००, म्हणजे तेच ६०. उंची जीवेच्या विसाव्या भागाएवढी असेल तर चूक एक टक्का, चौथ्या भागाएवढी असेल तर वीस टक्के. बहुधा कुणीतरी उलटं सूत्र अर्धवट उचललं असावं. उंचीवरून त्रिज्या काढताना जीवेचा वर्ग भागिले आठ उंची, अधिक निम्मी उंची, असं करतात. त्यात वर्गमूळ नसतंच. शेवटची निम्मी उंची गाळली की झाला हा मजकूर तयार. पडताळ्याला मात्र हे सूत्र उत्तम : १४,४०,००० भागिले २४०० म्हणजे ६००, अधिक १५०, बरोबर ७५०. कापण्याआधी एवढं करून बघायला अर्धं मिनिट पुरतं.

आतल्या-बाहेरच्या त्रिज्येचा फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. चौकटीची जाडी ५० असेल तर बाहेरची त्रिज्या ८००. आतली जीवा १२०० आणि बाहेरची त्रिज्या ८०० अशी मोट बांधली तर योग्य रीतीनेसुद्धा उंची २७१ येते. ती ना आतल्या कडेची, ना बाहेरच्या. बाहेरच्या कडेची उंची त्याच पायथ्याच्या रेषेवरून मोजली तर ३५० असते आणि तिची जीवा १३२३. ज्या कडेची त्रिज्या, त्याच कडेची जीवा. पाइप वाकवायचा असेल तर ड्रॉइंगवरची त्रिज्या बऱ्याचदा मध्यरेषेची असते, तेव्हा बाणाचं टोक कुठल्या रेषेला टेकलंय ते आधी बघा.

आणि पट्टी. छापताना कागद लहान-मोठा होतो. त्रिज्या लिहिलेली आणि जीवा पट्टीने मोजलेली असं मिश्रण केलं की दोन्ही मापं एका वर्तुळाची राहत नाहीत. आपल्या कमानीत जीवा १२०० ऐवजी ११७० मोजली गेली, तर उंची ३०० वरून २८१ वर येते. जीवेत तीस मिलिमीटर चुकले, उंचीत एकोणीस गेले. माप लिहिलेलं नसेल तर ज्याने ड्रॉइंग काढलं त्याला विचारा.